स्लाइड एक सांगते, नोट्स दुसरंच: सारांश लिहिण्याआधी ही तफावत कशी मिटवायची

बैठक संपते, पॉवरपॉइंटची फाइल आपल्याकडे येते आणि निरोप असतो, "याचा दोन पानी सारांश करून द्या." फाइल उघडावी तर वर स्लाइडवर दूध उत्पादकांना द्यायचा जादा दर, म्हणजे दरफरक, सव्वा रुपया आणि खाली वक्त्याच्या नोट्समध्ये दीड रुपया. इथे तीन चुका वारंवार होतात. कोणी नोट्स उघडतच नाही आणि स्लाइडवरचं उतरवून काढतो. कोणी नोट्स म्हणजे वक्त्याच्या मनातलं खरं असं धरून स्लाइड बाजूला ठेवतो. तिसरी चूक सर्वात वाईट. अर्धी माहिती इथून, अर्धी तिथून घेऊन असं वाक्य तयार केलं जातं, जे ना स्लाइडवर होतं ना नोट्समध्ये.

"स्लाइड अधिकृत" किंवा "नोट्स ताज्या" असा सरसकट नियम चालत नाही, याचं कारण दोन्ही मजकूर कसे तयार होतात यात आहे. स्लाइड चार जणांच्या नजरेखालून जाते, म्हणून शेवटपर्यंत दुरुस्त होत राहते. नोट्स कोणी पाहत नाही, म्हणून त्यात जुनं तसंच पडून राहतं. उलटही घडतं. स्लाइड एकदा वरिष्ठांनी मंजूर केली की तिला हात लावता येत नाही आणि आदल्या रात्री कळलेली बातमी वक्ता नोट्समध्ये लिहून ठेवतो. म्हणजे एकाच फाइलमध्ये एका ठिकाणी स्लाइड नवी असते, तर दुसऱ्या ठिकाणी नोट. त्यामुळे प्रत्येक तफावत वेगळी तपासावी लागते.

खाली एका दूध संघाच्या वार्षिक आढाव्याचं उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. आकडे समजावण्यासाठी बेतलेले आहेत, पण अशा तफावती प्रत्यक्षात याच रूपात येतात. सादरीकरण एप्रिलमध्ये झालं आणि सारांश गैरहजर संचालकांना जाणार आहे, असं धरू.

## टप्पा १: कोणती फाइल, हे आधी पक्कं करा

बैठकीत दाखवलेली फाइल आणि नंतर मेलवर आलेली फाइल एकच असेल असं गृहीत धरू नका. पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "पडद्यावर दाखवली ती हीच का, की नंतर काही बदललं?" मूळ फाइल तशीच ठेवून तिची प्रत काढा आणि काम प्रतीवर करा.

आलेली फाइल पीडीएफ असेल तर बहुधा तिच्यात नोट्स नसतात. पीडीएफ करताना नोट्ससह पानं मुद्दाम निवडली असतील तरच त्या येतात. नोट्स दिसल्या नाहीत म्हणून त्या नव्हत्याच असं न मानता `.pptx` फाइल मागून घ्या. मात्र पीडीएफ टाकून देऊ नका. बैठकीआधी सगळ्यांना वाटलेली प्रत तीच असेल, तर वाचकांनी काय पाहिलंय हे तिच्यावरूनच कळतं.

सावधान: `File > Info` मध्ये दिसणारी बदलाची तारीख संपूर्ण फाइलची असते. तिच्यावरून अमुक स्लाइड किंवा अमुक नोट केव्हा लिहिली हे कळत नाही. कोणी एक स्वल्पविराम बदलला तरी ती तारीख बदलते.

## टप्पा २: स्लाइड आणि नोट जोडीने उतरवा

आधी सगळ्या स्लाइड वाचायच्या आणि मग सगळ्या नोट्स, असं केलं की तफावत हमखास निसटते. पाचव्या स्लाइडचा आकडा वीस स्लाइडनंतर डोक्यात राहत नाही. जोडी समोरासमोर हवी.

सोपा मार्ग म्हणजे `View > Notes Page`. तिथे प्रत्येक पानावर वर स्लाइड आणि खाली तिची नोट दिसते. कागदावर काम करणाऱ्यांनी `File > Print` मध्ये `Notes Pages` निवडावं आणि तिथेच `Print Hidden Slides` चालू आहे ना हे पाहावं. लांबलचक नोट छपाईत पूर्ण उतरली आहे का, हेही पडद्यावरच्या नोटशी ताडून घ्या.

साठ-सत्तर स्लाइड असतील आणि पायथॉन येत असेल, तर `python-pptx` वापरून जोड्या एकत्र काढता येतात:

```python
from pptx import Presentation

prs = Presentation("deck.pptx")
for n, s in enumerate(prs.slides, 1):
    hidden = s._element.get("show") in ("0", "false")
    print("=====", n, "HIDDEN" if hidden else "")
    for sh in s.shapes:
        if sh.has_text_frame:
            print("S:", sh.text_frame.text)
    if s.has_notes_slide:
        tf = s.notes_slide.notes_text_frame
        print("N:", tf.text if tf else "")
```

यातून मिळालेल्या मजकुरालाच सगळं काही समजू नका. तक्ते, आलेख, स्मार्टआर्ट, एकत्र बांधलेल्या आकृत्यांमधला मजकूर आणि चित्र म्हणून चिकटवलेला मजकूर या कोडमधून निघत नाही. अनेकदा आकडे एक्सेलच्या तक्त्याचं चित्र म्हणून चिकटवलेले असतात. ते डोळ्यांनीच वाचावे लागतात.

`.pptx` ही खरं तर झिप फाइल असते आणि काहीजण ती उघडून आतल्या फाइल थेट वाचतात. तिथे एक सापळा आहे. `notesSlide3.xml` ही तिसऱ्या स्लाइडचीच नोट असेल असं नाही. मधल्या काही स्लाइडना नोट्स नसतील किंवा स्लाइड मागेपुढे हलवल्या असतील, तर क्रमांक जुळत नाहीत. एका स्लाइडची नोट दुसरीला लावली की जी तफावत मुळात नाहीच ती "सापडते". वरचं कोड स्लाइडला जोडलेलीच नोट काढतं, म्हणून ते सुरक्षित आहे.

जुन्या मराठी फाइलींत आणखी एक अडचण येते. स्लाइडचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आणि नोट्स युनिकोडमध्ये, असा प्रकार बराच दिसतो. पडद्यावर दोन्ही मराठी दिसतात, पण जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी हाती येते. असा मजकूर फॉन्ट-परिवर्तकातून काढल्यावरही अंक आणि जोडाक्षरं मूळ स्लाइडशी एकदा ताडून पाहा.

तपासणी: उतरवलेल्या जोड्यांची संख्या आणि फाइलमधल्या स्लाइडची संख्या सारखी आहे का? लपवलेल्या स्लाइडवर तशी खूण केली आहे का? लपवलेली स्लाइड बैठकीत दाखवलेली नसते, म्हणून तिच्यातलं विधान सारांशात थेट घ्यायचं नाही. पुरावा म्हणून मात्र ती उपयोगी पडते.

## टप्पा ३: विधानं सुटी करा आणि एकाच मापात आणा

आता प्रत्येक जोडीतून तपासता येतील अशीच विधानं काढा: आकडा, तारीख, कामाची स्थिती, निर्णय आणि जबाबदारी कोणाची. "कामगिरी समाधानकारक" यासारखी वाक्यं सोडून द्या. तक्त्याला पाच रकाने पुरतात: स्लाइड क्रमांक, स्लाइडवरचं विधान, नोटमधलं विधान, पुरावा, निर्णय. शेवटचे दोन रकाने अजून रिकामेच राहू द्या.

तुलना करण्याआधी दोन्ही विधानं एकाच मापात आणायची, कारण स्लाइडची भाषा लेखी असते आणि नोट्सची बोली. स्लाइडवर १.७५ कोटी असेल तर नोटमध्ये पावणेदोन कोटी असतं. "यंदा", "गेल्या वर्षी", "पुढच्या महिन्यात" हे शब्द कोणत्या तारखेला लिहिले त्यावर अवलंबून असतात, म्हणून शक्य तिथे त्यांच्या जागी महिना आणि वर्ष लिहा. "वर्ष" म्हणजे आर्थिक वर्ष की जानेवारी ते डिसेंबर, हेही ठरवा. शोध घेताना देवनागरी आणि रोमन असे दोन्ही अंक टाका. ४२,५०० शोधलं तर `42,500` सापडत नाही.

उदाहरणातली चौथी स्लाइड पाहा. स्लाइडवर आहे, "दैनिक संकलन ४२,५०० लिटर". नोट म्हणते, "संकलन पावणेचव्वेचाळीस हजारांवर गेलं, हे ठासून सांगणे." पहिल्या नजरेला सव्वा हजाराचा फरक दिसतो. पण संकलन केंद्रावर दूध अनेक ठिकाणी किलोत मोजतात आणि एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. ४२,५०० ला १.०३ ने गुणलं की ४३,७७५ येतात आणि नोटमधला आकडा आहे ४३,७५०. म्हणजे दूध तेवढंच आहे, फरक फक्त मापाचा. अशी पानं या टप्प्यावरच गळून पडली की खऱ्या तफावतींकडे वेळ देता येतो.

सावधान: गणित जुळलं म्हणजे एकक सिद्ध झालं असं नाही. नोटमध्ये "किलो" हा शब्द नाही, तो आपण ओळखला आहे. म्हणून पुराव्याच्या रकान्यात "किलो असावं, संकलन अहवालाशी ताडणे" एवढंच लिहा.

## टप्पा ४: उरलेल्या तफावतीचं कारण ओळखा

कारण कळलं की पुरावा कुठे शोधायचा ते कळतं. उदाहरणात तीन तफावती उरतात आणि तिघींची कारणं वेगळी आहेत.

### शिळी नोट

नवव्या स्लाइडवर सभासद ४,८२० आणि गेल्या वर्षी ४,९०५. म्हणजे ८५ ने घट. नोट म्हणते, "सभासद २१० ने वाढले, आवर्जून उल्लेख करणे." घट आणि वाढ अशी उलट दिशा दिसली की पहिला संशय कॉपीचा घ्या. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडची दुसरी प्रत काढली की नोटही सोबत येते. लोक गेल्या वर्षीची स्लाइड घेऊन आकडे बदलतात, पण खालची नोट तशीच राहते.

गेल्या वर्षीचं सादरीकरण मागवा. तीच नोट तिथे शब्दशः असेल तर प्रश्न मिटला. ते मिळालं नाही आणि स्लाइडवर आलेख असेल, तर त्यावर उजवं बटण दाबून `Edit Data` उघडा आणि मागच्या वर्षांचे आकडे पाहा. २१० ची वाढ आधीच्या एखाद्या वर्षात बसत असेल तर नोट त्या वर्षाची आहे. आलेखावर दिसणारा आकडा काही वेळा वेगळ्या चौकटीत हाताने टाइप केलेला असतो, म्हणून आतल्या तक्त्याशी तोही ताडून घ्या.

### एका शब्दात झाकलेली स्थिती

सातव्या स्लाइडवर आहे, "नवीन शीतकरण केंद्र मार्चपासून कार्यान्वित." नोट म्हणते, "वीजजोडणी अजून नाही. विचारलंच तर जनरेटरवर चाचणी झाली असं सांगणे." इथे एक खरं आणि दुसरं खोटं, असं झटपट म्हणता येत नाही. मार्चमध्ये यंत्रं चालली हे खरं आणि केंद्र रोज चालत नाही हेही खरं. घोळ "कार्यान्वित" या शब्दात आहे. त्या शब्दाचे तुकडे करा: यंत्रं बसली का, चाचणी झाली का, रोजचं दूध तिथे उतरतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर केंद्राच्या आवक नोंदवहीत मिळतं. एप्रिलच्या तारखांना तिथे नोंदी नसतील तर केंद्र सुरू झालेलं नाही.

### निर्णय कोणाचा, हा प्रश्न

अकराव्या स्लाइडवर दरफरक प्रतिलिटर १.२५ रुपये. नोट म्हणते, "दीड रुपया जाहीर करणे, अध्यक्षांशी बोलणं झालंय." नोट स्लाइडनंतरची आहे हे उघड दिसतं, म्हणून अनेकजण सारांशात दीड रुपया लिहून मोकळे होतात. पण दरफरक बोलण्याने ठरत नाही, त्याला संचालक मंडळाचा ठराव लागतो. त्यामुळे कोणता आकडा ताजा हा इथे प्रश्नच नाही. ठराव कोणत्या आकड्याचा झाला, एवढंच पाहायचं. २५ पैसे ऐकायला थोडे वाटतात, पण दिवसाला ४२,५०० लिटर हे वर्षभर धरलं तर फरक ३८ लाख ७८ हजारांवर जातो. हा आकडा गैरहजर संचालकाच्या हाती चुकीचा पडला की तो गावोगावच्या संस्थांपर्यंत पोहोचतो आणि मग मागे घेता येत नाही. सरासरी काढून "सुमारे १.३८ रुपये" असं लिहिणाऱ्यांचे सारांशही मी पाहिले आहेत. तो आकडा तर कोणीच सुचवलेला नव्हता.

## टप्पा ५: पुरावा याच क्रमाने शोधा

आधी फाइलच्या आत शोधा: इतर स्लाइड, समारोपाची स्लाइड, आलेखामागचा तक्ता, लपवलेल्या स्लाइड. मग मूळ कागद: ठराव, नोंदवही, अहवाल. वक्त्याला सगळ्यात शेवटी विचारा.

हा क्रम उलटा करण्याचा मोह होतो, कारण फोन करणं सोपं असतं. पण वक्त्याला आधीच विचारलं की तो आठवणीतून उत्तर देतो आणि ती आठवण ज्या नोट्समधून आली त्याच आपण तपासत असतो. मी एकदा असाच फोन करून मिळालेलं उत्तर पुरावा मानलं आणि सारांश पाठवला. वक्त्याने उत्तर देताना समोर तीच शिळी नोट उघडलेली होती, हे दुरुस्तीपत्रक काढायची वेळ आली तेव्हा कळलं.

विचारताना "नक्की काय खरं?" असा मोघम प्रश्न नको. दोन्ही विधानं आणि आपण पाहिलेला कागद समोर ठेवा:

"सर, स्लाइड ११ वर दरफरक १.२५ आहे आणि त्याच स्लाइडच्या नोटमध्ये दीड रुपया. मार्चच्या इतिवृत्तात मला याचा ठराव दिसला नाही. ठराव झाला असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख कळवाल का? झाला नसेल तर मी 'प्रस्तावित' असं लिहितो."

अशा प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येतं आणि ते लेखी मिळतं.

तपासणी: पुराव्याच्या रकान्यात कागदाचं नाव किंवा लेखी उत्तराची तारीख आहे का? "सरांनी सांगितलं" एवढंच असेल तर ती ओळ अजून उघडीच आहे.

## टप्पा ६: निर्णय लिहा, मगच सारांशाला हात घाला

प्रत्येक ओळीला चारपैकी एक निर्णय मिळतो: स्लाइड ग्राह्य, नोट ग्राह्य, दोन्ही अपुरे म्हणून पुराव्यावरून नवं विधान, किंवा अनिर्णित. उदाहरणात नवव्या स्लाइडला पहिला निर्णय आणि सातवीला तिसरा. चौथीच्या नोटमधलं एकक संकलन अहवालात किलोच निघालं, म्हणून तिथेही स्लाइडचंच विधान ठेवलं. अकरावीचं उत्तर येईपर्यंत ती अनिर्णित.

अनिर्णित ओळ ठेवायला लोक कचरतात, सारांश अर्धवट वाटेल म्हणून. पण मुदत आली म्हणून ओढूनताणून निवडलेला आकडा वाचकाला पक्का वाटतो आणि तोच पुढे वापरला जातो.

## टप्पा ७: सारांशाची वाक्यं कशी करायची

सारांशात भांडणाची कथा नको. "स्लाइडवर अमुक होतं पण नोट्समध्ये तमुक" असं लिहिलं की वाचक मूळ मुद्दा सोडून वक्त्याची चूक शोधू लागतो. मिटलेल्या तफावतीचं फक्त उत्तर लिहा. बैठकीत दाखवलेल्या आकड्यापेक्षा तुमचा आकडा वेगळा असेल, तर एका वाक्यात तसं सांगा, नाहीतर हजर असलेला संचालक सारांशच चुकला म्हणेल.

नाजूक प्रश्न सातव्या स्लाइडचा आहे. "विचारलंच तर सांगणे" याचा अर्थ वक्त्याला ती गोष्ट आपणहून बोलायची नव्हती. नोट्स खासगी असतात आणि त्यातलं वाक्य न विचारता छापणं योग्य नाही. पण आवक नोंदवही पाहिल्यावर "मार्चपासून कार्यान्वित" हे चुकीचं आहे हे आपल्याला माहीत झालं आहे आणि आता ते आपल्या नावाने लिहिताही येत नाही. मी इथे असा नियम पाळतो: नोटमधलं वाक्य गाळता येतं, चुकीचं ठरलेलं स्लाइडचं वाक्य पुढे चालवता येत नाही. म्हणून वाक्य नोंदवहीवरून करायचं, पाठवण्याआधी वक्त्याला दाखवायचं आणि त्याची हरकत असेल तर केंद्राचा उल्लेख कोणत्या शब्दांत करायचा हे सचिवांनी ठरवायचं.

तिन्ही मुद्दे सारांशात असे येतील:

> सभासदसंख्या ४,८२० असून गेल्या वर्षीपेक्षा ८५ ने कमी आहे.
>
> नवीन शीतकरण केंद्राची चाचणी मार्चमध्ये झाली. सादरीकरणात केंद्र कार्यान्वित असल्याचा उल्लेख होता, मात्र एप्रिलच्या आवक नोंदवहीनुसार नियमित शीतकरण अद्याप सुरू झालेलं नाही.
>
> दरफरक प्रस्तावित असून मंडळाचा ठराव अद्याप आढळलेला नाही. ठरावापूर्वी कोणताही दर अंतिम समजू नये.

दरफरकाच्या वाक्यात दोन्ही आकडे मुद्दाम टाळले आहेत. १.२५ स्लाइडवर दाखवला गेला होता, म्हणून तो "सादरीकरणात १.२५ रुपये दर्शवला होता" असा देता येईल. दीड रुपया मात्र फक्त नोटमध्ये होता, बैठकीत तो उच्चारला गेला का हे हजर माणसाकडून कळेपर्यंत तो बाहेर येता कामा नये.

## टप्पा ८: उलट्या दिशेने तपासा

सारांश पूर्ण झाला की त्यातला प्रत्येक आकडा, तारीख आणि क्रियापद घेऊन तक्त्याकडे परत जा. क्रियापदं मुद्दाम म्हणतोय. "झालं", "होत आहे", "होणार" आणि "प्रस्तावित" यांची अदलाबदल आकड्यांपेक्षा जास्त होते आणि कमी पकडली जाते. ज्या विधानाला तक्त्यात ओळ सापडत नाही, ते तुम्ही लिहिता लिहिता तयार केलेलं असतं. ते काढून टाका.

सारांशासोबत मूळ सादरीकरणही जाणार असेल, तर पाठवायच्या प्रतीत `File > Info > Check for Issues > Inspect Document` चालवून नोट्स काढाव्यात का, हे फाइलच्या मालकाला विचारा. हे काम प्रतीवरच करा. मूळ फाइलवर केलं आणि ती जतन झाली, तर तुमच्या तक्त्यातल्या निम्म्या पुराव्यांचा आधारच जातो.

वक्त्याचं उत्तर सारांश गेल्यानंतर आलं, तर जुनी फाइल गुपचूप बदलू नका. ठराव १.२५ चा निघाला असेल तर "दरफरक: मंडळाच्या ठरावानुसार प्रतिलिटर १.२५ रुपये. आधीच्या सारांशातील 'प्रस्तावित' हा उल्लेख रद्द समजावा" अशी तारखेसह दोन ओळींची पुरवणी त्याच सगळ्या लोकांना पाठवा आणि तक्त्यातली अकराव्या स्लाइडची ओळ बंद करा.